चार्ज देण्याआधी चार शब्द

आदरणीय मुख्याध्यापिका मॅडम, आपले सीआरपी साहेब, शाळा समितीचे अध्यक्ष आणि सदस्य, स्वयंपाकघराच्या दारात पदर खोचून उभ्या असलेल्या मावश्या, माझे सहकारी, आणि पुढच्या खुर्चीवर फेटा बांधून, हार घालून बसलेले, पण नजर पंख्याच्या रेग्युलेटरवर असलेले आपले गुरुजी. गुरुजी, पंखा दोनवर आहे. मीच ठेवलाय. चारवर केला की माझे कागद उडतात. आज राहू द्या दोनवर.

आपल्या शाळेत निरोपाचं भाषण लिहायची एक रीत आहे. ज्याला बोलायचंय त्यानं गुरुजींकडे जायचं. गुरुजींनी कमरेचा जुडगा काढायचा, दुसऱ्या कपाटाचा खालचा खण उघडायचा आणि ‘निरोप’ असं लिहिलेली फाईल हातात द्यायची. तिच्यात एकच कागद आहे. फुलस्केप, पाठपोट लिहिलेला, गुरुजींच्या अक्षरातला. नावाच्या जागी कागदाची पट्टी डकवलेली, तिच्यावर दुसरी पट्टी, तिच्यावर तिसरी. बदलून गेलेले, निवृत्त झालेले, सगळे त्या एका चौकोनात एकावर एक बसलेत. उजेडात धरलं तर तळचे लोकही दिसतात. मजकूर मात्र सगळ्यांना तोच. शांत, संयमी, मितभाषी, विद्यार्थिप्रिय. आता हा कागद ज्यांच्यासाठी वाचला गेला त्यांत एक संयमी असे होते की त्यांचा आवाज चढला की पत्र्यावरची कबुतरं उडायची. आणि एक मितभाषी असे होते की त्यांचा इतिहासाचा तास सुरू झाला की शेजारच्या गणिताच्या वर्गालाही शिवाजी महाराज आग्र्याहून सुटल्याचं कळायचं. तरी कागद वाचून झाला तेव्हा दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. गुरुजींचं म्हणणं असं की निरोपाच्या दिवशी माणसाला खरं वर्णन नको असतं. ते त्याला घरी रोज ऐकायला मिळतं.

याही वेळी मी फाईल मागितली. गुरुजी म्हणाले, “माझ्या नावाची पट्टी तू डकव. स्वतःच्या हातानं डकवणं बरं दिसत नाही.” आणि वर डिंकाची बाटलीही काढून दिली. मी बाटली परत केली आणि हे नवं लिहून आणलं. यात शांत, संयमी, मितभाषी हे शब्द पुन्हा येणार नाहीत. कुणाला ते हवेच असतील तर फाईल जागेवर आहे आणि किल्ली गुरुजींकडे आहे.

गुरुजी माणूस म्हणून एकटे असले तरी वाण म्हणून एकटे नाहीत. आळंद तालुक्यात बघा, हद्दीपलीकडे उमरग्याकडे बघा, बसवकल्याणकडे बघा, कुठल्याही शाळेत मुख्याध्यापक एक असतो आणि शाळा ज्याच्याकडे असते तो दुसरा असतो. मुख्याध्यापक बदलून येतात, त्यांना खुर्ची मिळते, शिक्का मिळतो, आलेल्या माणसानं उठून नमस्कार करायचा मान मिळतो. किल्ल्या मिळत नाहीत. किल्ल्या या दुसऱ्या माणसाच्या कमरेला असतात. चौथीच्या वर्गाचं दार आधी स्वतःकडे ओढून मग ढकलावं लागतं, हे कुठल्याही सर्क्युलरमध्ये नसतं, ते याला ठाऊक असतं. टाकी भरली की मोटर आपोआप बंद होत नाही, कुणीतरी पळावं लागतं, आणि ते कुणीतरी कोण हेही याला ठाऊक असतं. बीईओ ऑफिसचा कन्नड कागद गावाला मराठीत समजावून सांगायचा आणि गावाचं मराठी गाऱ्हाणं बीईओ ऑफिसला कन्नडात लिहून द्यायचं, आणि दोन्हीकडचे कडक शब्द वाटेतच गाळून टाकायचे, हे कामही याचंच. अशा माणसाला बढती दिली तर तो घेत नाही. गुरुजींनाही मुख्याध्यापकपद मिळत होतं, पण कौन्सेलिंगला गेलं की दुसरं गाव आलं. घरी येऊन म्हणाले, “तिथं कपाटं कुठली, कुलपं कुठली, मला काही म्हाईत नाही. या वयात नवी कुलपं कोण शिकणार?”

त्यामुळे आपल्या शाळेत मुख्याध्यापक झालेले पुष्कळ, आणि मुख्याध्यापक न होता शाळा चालवलेले हे एक. मॅडम, आपण हसताय म्हणजे राग नाही असं समजतो.

आता तारखेचं सांगतो, कारण त्यातच गुरुजींची सगळ्यात मोठी तक्रार आहे आणि ती आज मिनिटात नोंदवून ठेवायला पाहिजे. आज ३१ मे २०२५. शनिवार, सकाळची शाळा. सुट्टी संपून परवा गुरुवारी शाळा उघडली. दाराला आंब्याची पानं गुरुजींनी बांधली, नव्या पहिलीला फुलं देऊन आत गुरुजींनी घेतलं, रडणाऱ्यांना चॉकलेट गुरुजींनी दिलं. आणि शनिवारी गुरुजी घरी. पहिलीतला एक जण मघाशी मला विचारत होता, “हे सर पण घरी जाऊ म्हणून रडले काय?”

असं होतं ते नियमामुळे. आपल्याकडे सरकारी माणूस ज्या महिन्यात साठ वर्षांचा होतो त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी दुपारनंतर निवृत्त होतो. पण जन्म एक तारखेचा असेल तर साठावं वर्ष आदल्या दिवशीच पुरं झालं असं धरतात आणि माणूस आदल्याच महिन्यात जातो. म्हणजे २ जूनवाला ३० जूनपर्यंत पगार घेतो, १ जूनवाला ३१ मेलाच घरी. एका दिवसानं एक महिना. गुरुजी १ जूनचे. मीही १ जूनचा. या खोलीत १ जूनला जन्मलेले आणखी कोण कोण आहेत त्यांनी हात वर करा बघू. बघा. अध्यक्ष, तुम्ही पण? आणि सीआरपी साहेब, तुम्ही अर्धा वर केला तो हात मी पूर्ण धरतो.

एवढी माणसं एकाच दिवशी जन्माला आली याचं कारण गावच्या सुईणीकडे नाही, हेडमास्तरांच्या टाकाकडे आहे. त्या काळी बाप पोराला आणून शाळेच्या ओट्यावर उभं करायचा. दाखला नाही, पत्रिका नाही. हेडमास्तर म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. कान हाताला लागला तर सहा वर्षं झाली, घाला पहिलीत. नाही लागला तर पुढच्या वर्षी या. एकदा पहिलीत घातलं की चालू सालातून सहा वजा करायचे, शाळा जूनमध्ये उघडते म्हणून पुढं जून, आणि जूनमधली पहिली तारीख म्हणून १. गुरुजींचा कान १९७१च्या जूनमध्ये हाताला लागला. म्हणून गुरुजी १ जून १९६५ला जन्मले.

घरचा हिशेब वेगळा आहे. गुरुजींची आई सांगायची, “येळवशीच्या दोन दिस आदी झाला बघा ह्यो. आंबिलीचं पीठ भिजवून ठिवलं आन् कळा सुरू झाल्या. त्या साली समद्यांनी रानात जाऊन भज्जी खाल्ली, म्या घरात बाजंवर.” आता वेळ अमावस्या मार्गशीर्षात येते. डिसेंबर, नाहीतर जानेवारी. रानात ज्वारी उभी असते, हरभरा घाट्यावर असतो, सकाळी थंडी असते. जूनशी तिचा काय संबंध? गुरुजींनी जुनं पंचांग मिळवून ताळा घातला. जन्म निघाला डिसेंबर १९६५चा. म्हणजे शाळेत आले तेव्हा गुरुजी सहा वर्षांचे नव्हतेच, साडेपाचचे होते. मग कान लागला कसा? तर हात लांब होता. घराण्यातच लांब हात आहेत, गुरुजींच्या काकांना शिडीशिवाय माळ्यावरचं काढता यायचं. थोडक्यात, हात जरा लांब असल्याची शिक्षा म्हणून सरकारनं सात महिन्यांचा पगार कापला, असं गुरुजींचं म्हणणं आहे. महागाई भत्त्यासकट आकडा त्यांनी वहीच्या मागच्या पानावर काढून ठेवलाय. मी तो वाचत नाही. २००६च्या एप्रिलनंतर नोकरीला लागलेल्या, जुन्या पेन्शनीविना जगणाऱ्या आम्हा मंडळींपुढे असे आकडे वाचणं योग्य नाही.

तारीख बदलून घ्यायला काय झालं होतं, असं कुणी विचारेल. कायदा असा आहे की नोकरीला लागल्यावर पहिल्या तीन वर्षांतच अर्ज करायचा, नंतर दाद नाही. तीन वर्षांत गुरुजींनी अर्ज लिहिलाही होता. पण पुराव्याच्या रकान्यात काय लिहायचं? भिजवलेलं पीठ जोडता येत नाही. साक्षीदार आई, आणि आईचा अंगठा. अर्ज अजून फाईलला आहे. ती फाईलही दुसऱ्या कपाटातच आहे.

या माणसाला आकडा चुकलेला चालत नाही, हे तुम्हाला आम्हाला दुधानं कळलं. १ ऑगस्ट २०१३पासून शाळेत क्षीर भाग्य सुरू झालं. पोराला दीडशे मिलिलिटर दूध, त्यासाठी अठरा ग्रॅम पावडर. इतर शाळांत काय करतात ते त्यांचं त्यांना माहीत. पाकीट फोडतात, पातेल्यात ओततात. आपल्या शाळेत आधी हजेरी होते. समजा आज ११८ पोरं आली. गुरुजी पाचवीच्या वर्गात जाऊन फळ्यावर लिहिणार, ११८ गुणिले १८. पाचवीनं उत्तर काढायचं. २,१२४. म्हणजे दोन किलो १२४ ग्रॅम. उत्तर चुकलं की दूध थांबलं. सातवीची दांडगी पोरं पाचवीच्या खिडकीशी येऊन उभी राहायची आणि चुकणाऱ्याकडे अशी बघायची की त्याला पुढच्या वेळी बरोबर येऊन जायचं. मग ती पावडर काट्यावर मोजायची. आणि मोजली तरी उकळत्या पाण्यात टाकायची नाही, गोळे होतात आणि पोरं गोळे चघळतात, दूध ठेवतात. आधी कोमट पाण्यात कालवून सैल करायची, गाठ मोडायची, मग मोठ्या पातेल्यात सोडायची. मावश्यांना हे आता सांगावं लागत नाही. तरी गुरुजी रोज सांगायचे आणि मावश्या रोज “होय की” म्हणायच्या.

याचा एक परिणाम मात्र शिक्षण खात्याच्या लक्षात आलेला नाही. आपल्या शाळेतल्या पोरांना अठराचा पाढा झोपेत येतो. एकोणिसाचा येत नाही. मध्यंतरी तपासणीला आलेल्या साहेबांनी एकोणीस सक किती विचारलं. पोरगा म्हणाला, “सर, तेवढी पावडर नसते.”

पुढं २०२१च्या डिसेंबरात अंडं आलं. आधी कलबुर्गी, बिदर या आपल्या भागातल्या जिल्ह्यांना आलं, बाकीच्यांना नंतर. अंडं न खाणाऱ्याला केळं, नाहीतर शेंगदाण्याची चिक्की. घरोघर विचारून यादी करायची होती. गुरुजींनी तीन रकाने आखले आणि घरचं जे मत पडलं ते ज्याच्या त्याच्या रकान्यात लिहिलं. अडचण अशी झाली की घरचं मत केळ्याच्या बाजूला आणि पोराचं मत अंड्याच्या. चौथीतला एक बहाद्दर दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन आला. ‘माझ्या मूलास आंडे द्यावे, माझी हारकत नाही.’ खाली बापाची सही. गुरुजींनी चिठ्ठी वाचली, लाल पेन काढला, ‘मूलास’ ऱ्हस्व केलं, ‘आंडे’चं ‘अंडे’ केलं, ‘हारकत’चा काना खोडला, दहापैकी सहा गुण दिले आणि केळं दिलं. तिसऱ्या दिवशी पोरानं नवी चिठ्ठी आणली. एकही चूक नाही. गुरुजींनी दहापैकी दहा दिले आणि पुन्हा केळंच दिलं. पोरगं रडकुंडीला आलं. “आता तर सगळं बरोबर आहे की सर.” गुरुजी म्हणाले, “शुद्धलेखन बरोबर आहे. सही चुकीची आहे. तुझा बाप माझ्याच हाताखाली शिकलाय, त्याला एवढी चांगली सही येत नाही.” शेवटी बाप स्वतः आला, सगळं ऐकून हसला, आणि रकाना बदलून गेला. चिठ्ठ्या दोन्ही फाईलला आहेत. कुठल्या कपाटात ते मी आता सांगत नाही.

फोन आणि ॲप आल्यापासून दूध-अंड्याची नोंद मोबाईलवर करायची असते. गुरुजी मोबाईलवर करतात, पण आधी वहीत करतात, मग मोबाईलवर, आणि मग मोबाईलवर काय केलं ते पुन्हा वहीत. रेंज गेली तर वही जाते काय, असा त्यांचा सवाल असतो. आमच्याकडे उत्तर नसतं.

आता मुख्य काळजीची गोष्ट. झेंडा.

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी पुरते, शिवाय १ मे. आपल्याला निजामाचा भाग म्हणून १७ सप्टेंबर आहे आणि कर्नाटकाचा म्हणून १ नोव्हेंबर आहे. गंमत बघा, पलीकडे उमरग्याला १७ सप्टेंबर आहे, कारण तेही १९४८पर्यंत आपल्यासारखेच हैदराबादेत. आणि इथून एस.टी.नं जवळच असलेल्या अक्कलकोटला नाही, कारण ते हैदराबादेत नव्हतंच. गुरुजींच्या मेव्हण्याचं गाव तिकडं. ते विचारतात, “तुमच्यात सप्टेंबरात पुन्हा कसला झेंडा?” गुरुजी म्हणतात, “तुमच्यापेक्षा तेरा महिने उशिरा सुटलो, तेवढं तरी करू द्या.”

तर सांगायचं म्हणजे एवढ्या सगळ्या दिवसांचा झेंडा आजवर एकाच माणसानं बांधलाय. लोकांना वाटतं पाहुण्यानं दोरी ओढली की झेंडा उघडतो. पाहुण्यालाही तसंच वाटतं. खरं काम आदल्या संध्याकाळी होतं. गुरुजी सतरंजीवर झेंडा पसरतात. आधी केशरी कुठं ते तीनदा बघतात, आणि चौथ्यांदा आमच्यापैकी एकाला बघायला लावतात. मग लांबीत घड्या घालतात, मधल्या घडीत झेंडूच्या पाकळ्या ठेवतात. पाकळ्या मूठभर, ओंजळभर नाही. जास्त झाल्या की पुडकं फुगतं, वर जाताना खांबाला घासतं आणि मध्येच सुटतं. ओल्या तर अजिबात नाहीत, चिकटून बसतात आणि पाहुण्याच्या डोक्यावर एक पाकळी पडते, बाकीच्या झेंड्याला. मग गुंडाळी करून खालच्या दोरीचा फेरा घ्यायचा आणि सुरगाठ मारायची. निरगाठ पडली तर कार्यक्रम गेला. सुरगाठीतही फास किती ठेवायचा याला माप आहे. सैल ठेवला तर वाऱ्यानंच उघडतं, आवळला तर मंत्री ओढो नाहीतर सरपंच, उघडत नाही. आणि पाऊस आला तर सगळंच बदलतं. सुती दोरी भिजली की फुगते, गाठ आवळते. म्हणून १५ ऑगस्टच्या पहाटे अंधारात खांबाखाली जी बॅटरी हलताना दिसते ते चोर नव्हेत. गुरुजी झेंडा उतरवून पुन्हा बांधत असतात.

शेवटची अडचण पाहुण्याची. खांबाला दोरीचे दोन पदर असतात. एक ओढला तर झेंडा उघडतो, दुसरा ओढला तर अख्खं पुडकं खाली येतं. पाहुणा नेमका दुसरा धरतो. म्हणून गुरुजी बरोबर पदराला लाल धागा बांधतात आणि पाहुण्याच्या कानात सांगतात, “लाल, साहेब.” एका वर्षी पाहुण्यांना कमी दिसायचं. त्यांनी दोन्ही पदर धरून ओढले. पुडकं वर-खाली होतंय, बँडपथकातल्या पोरांनी ड्रमवर काठ्या उचललेल्या, आम्ही सगळे सावधान. राष्ट्रगीत सुरू करता येत नाही, विश्रामही म्हणता येत नाही. गुरुजी शांतपणे, माफ करा, हा शब्द येणार नाही म्हणालो होतो. गुरुजी तसेच गेले, कुंपणाला टेकवून ठेवलेली चिंचा पाडायची आकडी घेतली, मागून येऊन फासाला अडकवली आणि एक हिसका दिला. झेंडा उघडला, पाकळ्या पडल्या, टाळ्या पाहुण्यांना मिळाल्या. आकडी तिथं आधीपासून कशी होती, असं मी नंतर विचारलं. म्हणाले, “दरवर्षी ठेवतो. लागत नाही म्हणून तुम्हाला दिसली नाही.”

येत्या १५ ऑगस्टला झेंडा बांधायचं काम माझ्याकडे आलंय. गुरुजींनी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मला घरी बोलावून अंगणात, धुतलेल्या टॉवेलवर सुरगाठ शिकवली. टॉवेल उघडला. त्यांच्या सुनेनं टाळ्या वाजवल्या. पण टॉवेलला केशरी बाजू नसते, ही धास्ती मला अजून आहे.

आता चार्ज. समारंभ कितीही झाला तरी जोवर चार्जयादीवर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही होत नाही तोवर गुरुजी नियमानं सुटलेले नाहीत. यादी गुरुजींनी स्वतः केली आहे, सुट्टीत, कुणीही न सांगता. मी परवापासून एकेक वस्तू मिळवून घेतोय. जडवस्तूंच्या नोंदवहीप्रमाणे पृथ्वीगोल एक, शेरा ‘आस मोडलेला, पृथ्वी ठीक’. पेटी एक, शेरा ‘भाता फाटलेला, काळी चार वाजत नाही’. लोखंडी ट्रंक दोन. सतरंज्या पाच, पैकी एक लग्नात. हे लग्न कुणाचं, असं विचारलं तर गुरुजी म्हणाले त्यांना आता मुलं झाली, पण सतरंजी आहे त्यांच्याकडे, मी बघितली. घंटा एक, म्हणजे रुळाचा तुकडा, आणि तो वाजवायचा हातोडा एक.

बाक बेचाळीस. मी मोजले तर तेहतीस. गुरुजींनी मला मागच्या खोलीत नेलं आणि कोपऱ्यात रचलेले लोखंडी पाय दाखवले. नऊ जोड्या. फळ्या वाळवीनं कधीच खाल्ल्यात, पण पाय आहेत, म्हणजे बाक आहे. कारण बाक नोंदवहीतून काढायचा तर निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवावा लागतो, समिती बसावी लागते, वस्तू निकामी झाल्याची पाहणी व्हावी लागते, वरून मंजुरी यावी लागते. गुरुजींनी प्रस्ताव पाठवलेला आहे. उत्तर यायचं आहे. धडधाकट माणसाला साठाव्या वर्षी घरी पाठवायला कुणाला काही विचारावं लागत नाही, कागद आपोआप निघतो. आणि फळ्या नसलेले नऊ बाक अजून नोकरीत आहेत. हे मी नाही, गुरुजीच त्या खोलीत उभं राहून म्हणाले, आणि मग बाकांचे पाय उगाच सारखे करून ठेवले.

किल्ल्या एकोणीस. त्यातल्या सोळांची कुलपं सापडली. तीन किल्ल्या कशाच्या ते गुरुजींना माहीत आहे, पण ती कुलपं आता राहिली नाहीत. मी म्हटलं मग किल्ल्या टाकून देऊ. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी यादीत एकोणीसच लिहिल्या. जुडगा मात्र त्यांनी अजून दिलेला नाही. दोनदा मागितला. एकदा म्हणाले जेवणानंतर, एकदा म्हणाले सोमवारी. गुरुजी, सोमवारी २ जून आहे. तुम्ही त्या दिवशी नियमानं शाळेत नसता. आणि नियम तुम्हीच शिकवलाय.

तुमचं घर शाळेच्या भिंतीला लागून आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. प्रार्थनेला उशीर झाला तर खोकल्याचा आवाज येणार हेही ठाऊक आहे. मॅडमनी त्यासाठी एक ठराव केलाय, तो वाचतो. खोकल्यास हरकत नाही. भिंतीवरून सूचना देण्यास हरकत नाही. भिंतीवरून उडी मारून आत येऊन घंटा वाजवू नये.

बाहेर हुग्गी गार होतेय. हुग्गीत गूळ कमी पडलाय असं मावश्या म्हणतात, कारण आज गुरुजी पहिल्यांदाच चाखायला आत गेले नाहीत. फेटा सांभाळत बसले होते. वांग्याची भाजी, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पोटभर आहे. पण ताट वाढण्याआधी, गुरुजी, यादी समोर आहे. देणाऱ्याची सही इथं खाली, डावीकडे. तारीख ३१ मे, आणि पुढं ‘दुपारनंतर’ असं लिहा, नाहीतर आजचा पगार अडकेल. जुडगा टेबलावर ठेवा. आणि यादीत बत्तीस नंबरला ‘शिडी एक, गावात’ एवढंच लिहिलंय. समितीचे अध्यक्षही समोर बसलेत म्हणून सगळ्यांच्या देखत विचारतो. शिडी कुणाच्या घरी आहे?